प्रिन्सिपल वर्गात आले की शिक्षक धास्तावतात, मग शिकवण्याकडे लक्ष द्यायचं तरी कसं?

प्रश्न: सर, मी इंदूरच्या एका सीबीएसई शाळेत एप्रिलपासून प्रिन्सिपल आहे. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की ऑफिसात बसू नका, इन्स्ट्रक्शनल लीडर बना, म्हणजे शिकवण्याकडे स्वतः लक्ष द्या. म्हणून रोज राउंड घेते, वर्ग बघते, रजिस्टर भरते. सहा महिन्यांत स्टाफचा मूड पार गेलाय, दोन मॅडम सोडून जायच्या गोष्टी करताहेत, आणि हाफ इयरलीचा रिझल्ट होता तिथेच आहे. माझं चुकतंय कुठे? की हे सगळं पुस्तकातच चालतं?

उत्तर:

मॅडम, तुमचं जे चुकतंय ना, तेच माझंही चुकलं होतं, अगदी तसंच, आणि माझ्याकडे तर बावीस कॉलमचं रजिस्टर होतं. मी २७ वर्षं शाळेत काढली, त्यातली १३ प्रिन्सिपल म्हणून, सगळी इंदुरातच, आता रिटायर होऊन दोन-तीन शाळांमध्ये नवीन प्रिन्सिपल लोकांबरोबर बसतो. तर आधी माझीच फजिती सांगतो.

नवा होतो, जोश होता. रोज दुसऱ्या आणि पाचव्या पीरियडला राउंड. एका वर्गात पाच-सात मिनिटं, असे सहा-सात वर्ग. फळ्यावर तारीख आहे का, मुलं सरळ बसलीत का, लेसन प्लॅनची डायरी टेबलावर आहे का, टीचर खुर्चीत तर बसलेली नाही ना, सगळ्यावर टिकमार्क. महिना-दीड महिन्यात असं झालं की मी जिना चढायला लागलो की वरच्या मजल्यावरचा आवाज बदलायचा. प्यून लोक आधीच खबर पोचवायचे. मी वर्गात शिरलो की चाळीस मुलं उभी, गुड मॉर्निंग सर, मग बसा, मग मॅडम आधीच येऊन गेलेला प्रश्न पुन्हा विचारणार आणि मुलं एका सुरात उत्तर देणार. मला वाटायचं वा, काय शिकवणं चाललंय. एक दिवस गणिताच्या एका सीनियर मॅडम ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही सात मिनिटं येता, माझा अर्धा पीरियड जातो. आणि तुम्ही लिहिता काय ते मला चार महिन्यांत एकदाही कळलं नाही." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण घरी जाऊन रजिस्टर उघडलं तर चार महिन्यांच्या दोनशेच्या वर नोंदींत मूल काय शिकलं याबद्दल एक ओळ नव्हती.

पुढे वाचताना कळलं की हे आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत मायामीकडे काही संशोधकांनी जवळजवळ शंभर शाळांच्या प्रिन्सिपलांमागे माणसं फिरवून ते दिवसभर काय करतात ते टिपलं, तीन वर्षं, आणि २०१३ साली ते छापलं. शिकवण्याशी संबंधित कामाला एकूण किती वेळ दिला याचा मुलांच्या प्रगतीशी काही धड संबंध दिसलाच नाही. पण आत फोड करून पाहिल्यावर चित्र निघालं, टीचरबरोबर बसून कोचिंग करण्याचा वेळ जिथे जास्त तिथे मुलांची प्रगती जास्त, आणि हे जे आपलं इकडून तिकडे डोकावत फिरणं, ज्याला ते वॉकथ्रू म्हणतात, ते जिथे जास्त तिथे प्रगती कमी. उलटा संबंध! आता यावरून राउंडमुळेच मुलं मागे पडतात असं थेट म्हणता येत नाही, कदाचित ज्या शाळा आधीच बिघडलेल्या तिथे प्रिन्सिपल जास्त फिरत असेल. पण त्याच लोकांना मुलाखतींतून हेही दिसलं की बरेच प्रिन्सिपल राउंडमध्ये पाहिलेल्या गोष्टीचं पुढे काही करतच नाहीत. म्हणजे माझं रजिस्टर.

आणि आपल्या मध्य प्रदेशातलं उदाहरण तर अजून बोलकं आहे. सरकारी शाळांमध्ये शाळेचं मूल्यांकन करायचं, मग सुधारणेचा प्लॅन बनवायचा, अशी मोठी योजना होती, आणि अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तिची दीड हजारावर शाळांत नीट तपासणी केली, काही शाळांना योजना दिली, काहींना नाही, चिठ्ठ्या टाकून. मूल्यांकनं झाली, प्लॅन बनले, कागद व्यवस्थित भरले. मुलांच्या शिकण्यात फरक काही नाही, टीचर वर्गात जे करत होते त्यातही नाही. तरी योजना यशस्वी मानली गेली आणि तोच नमुना देशभर गेला. मी हे सरकारला नावं ठेवायला सांगत नाहीये, आपल्या प्रायव्हेट शाळांतल्या फाइली काही वेगळ्या नसतात.

तर आता काय करायचं. मी एकच गोष्ट सांगणार आहे, कारण दहा सांगितल्या तर तुम्ही त्याचंही रजिस्टर कराल. वर्गात कमी जा, पण गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं बसा, आणि दुसऱ्या दिवसाच्या आत त्या टीचरबरोबर बसून फक्त एका गोष्टीवर बोला, आणि ती गोष्ट मुलांच्या वहीतून किंवा पेपरातून उचललेली असू द्या, टीचरच्या वागण्यातून नको. एवढंच. पण यातला प्रत्येक शब्द महागात पडून शिकलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

त्या गणिताच्या मॅडमच्या बोलण्यानंतरच्या वर्षी आम्ही सातवीपासून सुरुवात केली. तीन सेक्शन, ए मध्ये ४१ मुलं, बी मध्ये ३९, सी मध्ये ४०, एकूण १२०, तिन्हीला वेगळ्या टीचर. युनिट टेस्टमध्ये एक प्रश्न होता, −७ − (−३) किती. उत्तर −४. एका मार्काचा प्रश्न, कोणी लक्ष दिलं नसतं. पूर्वी आम्ही काय करायचो, सेक्शनची सरासरी काढायचो, ए ची कमी आली की ए च्या मॅडमना बोलावून विचारायचो "काय हो, कमी कसे?" त्या म्हणायच्या मुलं अभ्यास करत नाहीत, आणि मीटिंग संपली. या वेळी मी तिघींना सांगितलं की मार्क बाजूला ठेवा, या एका प्रश्नाला किती मुलांनी काय उत्तर लिहिलं ते फक्त मोजू. पाऊण तास लागला, चहा आणि पोहे माझ्याकडून.

चुकलेली मुलं निघाली ७४. ए मध्ये ३०, बी मध्ये १६, सी मध्ये २८. पण खरी गंमत चुकीच्या उत्तरांत होती. काहींनी −१० लिहिलं होतं आणि काहींनी +१०. वरवर पाहता दोन्ही चूकच, पण चूक वेगळी. −१० वाल्याने कंसातलं मायनस पाहिलंच नाही, त्याने −७ मधून सरळ ३ वजा केले. +१० वाल्याने मायनस मायनस प्लस हा मंत्र पाठ केला आणि समोर दोन मायनसवाले आकडे दिसले तसे दोघांची बेरीज करून प्लस करून टाकलं. गुणाकाराचा नियम वजाबाकीत घुसला. ए आणि सी मध्ये +१० चा ढीग होता, बी मध्ये जवळपास नव्हताच. बी च्या मॅडम तिघींत सगळ्यात ज्युनियर, दुसरंच वर्ष त्यांचं, त्या गप्प बसल्या होत्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी नियम सांगितलाच नाही सर, मी उधारी सांगते. सात रुपये उधारी आहे, त्यातली तीनची उधारी दुकानदाराने माफ केली, आता किती उधारी?" चार. उधारी काढून घेतली म्हणजे उधारी कमी झाली, इतकं सरळ.

इथे प्रिन्सिपलने काय करायचं यावरच सगळा खेळ आहे. मोह असा होतो की बी च्या मॅडमचं असेंब्लीत कौतुक करावं आणि बाकी दोघींना सांगावं की यांच्याकडून शिका. एकदा असं करून पाहिलंय दुसऱ्या विषयात, त्या बिचारीला स्टाफरूममध्ये महिनाभर कोणी डबा खायला बोलावलं नाही. या वेळी मी म्हटलं की मलाच बघायचंय हे उधारीचं, तुम्ही कोणी येता का बरोबर? सीनियर मॅडम म्हणाल्या येते. मग मी मागे राहिलो आणि त्यांनाच पाठवलं. त्यांचा तो पीरियड मीच घेतला, म्हणजे त्यांचा वर्ग रिकामा राहिला नाही आणि अरेंजमेंटचं ओझं तिसऱ्याच टीचरवर पडलं नाही. हे लहान वाटतं पण स्टाफ हेच बघत असतो, की सुधारणेची किंमत कोण भरतंय.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी जे बोलणं झालं ते दहा-बारा मिनिटांचं. मी विचारलं, "तुम्हाला काय दिसलं?" आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे मॅडम, आपल्याला सवय असते बोलायची. त्या म्हणाल्या, उधारी ठीक आहे पण −३ − (−५) ला काय करणार ही पोरगी, तिथे मुलं अडकतील. बरोबर होतं! मग दोघी मिळून बसल्या, एकीची उधारी आणि दुसरीची संख्यारेषा, आणि दोन पीरियडचा एक धडा तयार झाला जो तिघींनी आपापल्या वर्गात घेतला. मी एका वर्गात पंचवीस मिनिटं बसलो, शेवटच्या बाकावर, मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी आलो तर उठायचं नाही. हातात एक कागद, त्यावर मुलांची वाक्यं, मॅडमबद्दल काही नाही. निघताना तो कागद मॅडमच्या हातात दिला, माझ्याकडे कॉपी ठेवली नाही.

तीन आठवड्यांनी तसाच प्रश्न परत दिला, −५ − (−९). (खरं तर दोन आठवड्यांनी ठरलं होतं, पण मध्ये अनंत चतुर्दशी आली आणि रात्रभर मिरवणुकीतल्या झाँकी बघून आलेली मुलं दुसऱ्या दिवशी टेस्ट कसली देतात, इंदूरवाल्यांना सांगायला नको.) चुकलेली मुलं ७४ वरून ३१ वर आली, ए १४, बी ६, सी ११. आता यावर लगेच पेढे वाटू नका. नुकतंच परत शिकवलेलं, तसाच प्रश्न, मुलांना अंदाज होताच. खरी परीक्षा पुढे होती, बीजगणितात ३x − (x − ४) आलं तेव्हा. तिथे कंस सोडवताना बरीच मुलं पुन्हा घसरली, म्हणजे उधारीची गोष्ट तिथपर्यंत पोचली नव्हती. पण फरक हा झाला की या वेळी मला बोलवावं लागलं नाही, तिघी स्वतःच पेपर घेऊन बसल्या होत्या.

याला मी स्टाफचं मोराल म्हणतो. टीचर्स डेचा केक, बेस्ट टीचरची ट्रॉफी, चांगलंच आहे, कोणाला नको असतं. पण टीचरचं मन कशाने मरतं तर आपण इतकी मेहनत करतो आणि मुलांना येत नाही, आणि वरून कोणीतरी येऊन फळ्यावरची तारीख तपासतो. मूल का चुकतंय हे कळलं आणि दोन आठवड्यांत काही सुधारलेलं डोळ्यांना दिसलं की तीच टीचर वेगळी बोलायला लागते. शिक्षण संशोधक विवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बरेचसे अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं की लीडर जे जे करतो त्यातलं मुलांच्या निकालाशी सगळ्यात घट्ट जोडलेलं काय, तर टीचर लोकांच्या शिकण्याला नुसतं प्रोत्साहन देणं नव्हे, स्वतः त्यात सामील होऊन बसणं. त्याच्या प्रभावाचा आकडा, जितका मोठा तितका संबंध घट्ट, ०.८४ आला होता, आणि शिकवण्याकडे लक्ष देणाऱ्या लीडरशिपचा एकूण ०.४२, तर स्टाफला प्रेरणा देणाऱ्या, व्हिजन सांगणाऱ्या लीडरशिपचा ०.११. त्या मोठ्या आकड्यामागचे अभ्यास मोजकेच आहेत म्हणून मी तो डोक्यावर घेऊन नाचत नाही, पण दिशा माझ्या अनुभवाशी जुळते. पोहे खाऊन पेपर मोजत बसलेला प्रिन्सिपल आणि भाषण देणारा प्रिन्सिपल यातला फरक आहे तो.

आता वेळेचं गणित, कारण तुम्ही म्हणाल एवढा वेळ कुठून आणू. समजा तुमच्याकडे ३२ टीचर आहेत. आठवड्याला चार वर्ग बघायचे, वीस मिनिटं बसणं आणि पंधरा मिनिटं बोलणं, म्हणजे ३५ गुणिले ४, आठवड्याला १४० मिनिटं, अडीच तासही नाहीत. आठ आठवड्यांत सगळ्यांचा एक फेरा होतो. तुमच्या आत्ताच्या रोजच्या राउंडला यापेक्षा नक्की जास्त वेळ जात असेल. अडचण वेळेची नसते, अडचण अशी की त्या पस्तीस मिनिटांत बस अडकली म्हणून पालकाचा फोन येतो, मॅनेजमेंटचे कोणी येऊन बसतात, आणि आपण उठतो. मी शेवटी काय केलं, मंगळवार आणि गुरुवारचा तिसरा-चौथा पीरियड, ऑफिसच्या बाईंना सांगितलं की आग लागली तरच बोलवा. बोलणं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झालंच पाहिजे, तीन दिवस गेले की टीचरच्या डोक्यात तोपर्यंत स्टाफरूमने दहा अर्थ लावलेले असतात.

दुसरं, अप्रेजल आणि हे बघणं एका वहीत ठेवू नका. ज्या दिवशी इन्क्रिमेंटच्या मीटिंगमध्ये तुम्ही म्हणाल की मी त्या दिवशी वर्गात पाहिलं होतं, त्या दिवशी हे सगळं संपलं. अप्रेजलसाठी वेगळी भेट ठेवा, आधी सांगून, लेखी. आणि कोणाबद्दल खरंच गंभीर तक्रार असेल, मुलांना मारणं, वर्गात न जाणं, तर ते कोचिंगच्या नावाखाली झाकायचं नाही, ती सरळ प्रशासकीय बाब. लोक या दोन्हींची खिचडी करतात आणि मग चांगल्या टीचर घाबरतात आणि वाईट टीचर निवांत असतात.

आणि सुरुवात करायच्या आधी काहीतरी काढून घ्या. तुमच्या टीचर रोजचा लेसन प्लॅन लिहितात का? तो कोण वाचतं? माझ्याकडे कोणीच वाचत नव्हतं, मी नुसती सही करायचो. तो रोजचा बंद करून आठवड्याचा एक पानी केला, आणि फी बाकी असलेल्या पालकांना फोन करायचं काम क्लास टीचरकडून काढून अकाउंट्सकडे दिलं, अकाउंट्सवाले चिडले, चिडू दिलं. त्यानंतर मी वर्गात बसायला लागलो तेव्हा स्टाफची तोंडं इतकी वाकडी झाली नाहीत.

चाललंय की नाही हे कसं कळणार? तुम्ही बसलेले असताना वर्गात कोणी मूल चुकीचं उत्तर देतं का ते बघा. देत नसेल तर तुमच्यासाठी नाटक चाललंय. टीचर स्वतःहून म्हणते का की मॅडम, या वर्गात या, इथे अडकलंय, ते बघा. आणि निकालात, आपल्याच टीचरने काढलेल्या आणि तिनेच तपासलेल्या पेपरचे मार्क वाढले तर फार खूश होऊ नका. दहावीत २० इंटर्नल आपल्या हातात असतात आणि ८० बोर्डाच्या पेपरात, दोन्ही शेजारी ठेवा, इंटर्नल सगळ्यांना १९-२० आणि ८० मध्ये दांडी, असं असेल तर शाळा स्वतःलाच फसवतेय. मी मधल्या वर्गांत दोन सेक्शनच्या टीचरना एकमेकींचे पेपर तपासायला द्यायचो, पहिल्यांदा कुरकुर झाली, नंतर त्यातूनच सगळ्यात चांगल्या चर्चा झाल्या.

काही गोष्टी यातून होणार नाहीत, तेही सांगतो. तुम्ही अकरावीच्या फिजिक्सच्या वर्गात बसून चूक कुठे होतेय ते पकडू शकणार नाही, फिजिक्सवाल्या नसाल तर. मी इतिहासाचा माणूस, मला ते जमलं नाही आणि मी जमतंय असं दाखवायला गेलो तेव्हा पीजीटी सर मनातल्या मनात हसले असतील. तिथे विषयाच्या सीनियरला हे काम द्या, त्याला आठवड्याला दोन पीरियड मोकळे करून द्या, नुसतं नाव देऊन उपयोग नाही. पगारही तुम्ही वाढवू शकत नाही बहुतेक, आणि भंवरकुआँचे कोचिंग क्लासवाले चांगल्या गणिताच्या टीचरला जास्त पैसे देणारच, तर तुमच्या त्या दोन मॅडमपैकी कोणी पैशासाठी जात असेल तर ते स्वतःवर घेऊ नका. आणि मॅनेजमेंटला यावर्षीच्या दहावीच्या रिझल्टचं वचन देऊ नका. या वर्षीची दहावी प्री-बोर्ड आणि एक्स्ट्रा क्लासवरच तरेल, सहावी-सातवीत जे दुरुस्त कराल ते दहावीत दिसायला तीन-चार वर्षं लागतात. हे त्यांना आत्ताच सांगून टाका, नंतर सांगितलं की बहाणा वाटतो.

तर सोमवारी राउंडचं रजिस्टर कपाटात ठेवा. ज्या दोन मॅडम जायचं म्हणताहेत त्यातल्या एकीच्या हाफ इयरलीच्या पेपरांचा गठ्ठा मागवा, सगळ्यात जास्त मुलं चुकलेला एकच प्रश्न शोधा, आणि त्यांना निरोप पाठवताना ऑफिसात बोलावलंय असं सांगू नका, तुम्हीच स्टाफरूममध्ये जा. पोहे घेऊन गेलात तर अजून बरं, वर भुरभुरायचं जीरावन वेगळं.